दोन छोट्या फर्म, एक टेंडर: ‘जेव्ही’ करताना सही कशावर होते? धायरीच्या उदाहरणातून समजून घ्या

शहरात कुठेही खोदकाम सुरू असलं की पत्र्याच्या बॅरिकेडवर एक फलक दिसतो. कामाचं नाव, रक्कम, मुदत आणि ठेकेदार. ठेकेदाराच्या रकान्यात बऱ्याचदा एका कंपनीऐवजी दोन नावं असतात आणि शेवटी ‘जेव्ही’ ही अक्षरं. पुण्यात मेट्रोचा भुयारी मार्ग बांधला तो गुलेरमाक आणि टाटा प्रोजेक्ट्स यांच्या जेव्हीने. जेव्ही म्हणजे जॉइंट व्हेंचर, मराठीत संयुक्त उपक्रम.

मोठ्या कंपन्यांकडे असे करार वाचायला वकिलांची फौज असते. पण हाच मार्ग आता छोटे ठेकेदार, पंपवाले, इलेक्ट्रिकल फर्म, फॅब्रिकेटर असे सगळे वापरतात, आणि तिथे करार अनेकदा एखाद्या जुन्या फाइलमधून नाव बदलून काढलेला असतो. स्टॅम्प पेपरवरच्या त्या तीन-चार पानांवर सही करताना नेमकं काय कबूल केलं जातं, ते पाहू.

एकत्र टेंडर भरण्याची वेळ का येते?

धायरीचंच उदाहरण घेऊ. 2017 मध्ये धायरी आणि आजूबाजूची मिळून 11 गावं पुणे महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23 गावं आली. गाव हद्दीत आलं की पाण्याच्या लाइन, ड्रेनेज, टाक्या, पंपिंग, रस्ते अशी कामं निघतात. ती ई-निविदेतून जातात.

निविदेत पात्रतेच्या अटी असतात. समजा, 6 कोटी रुपयांचं एक काम निघालं: पाण्याची लाइन टाकायची आणि पंपिंगची यंत्रणा बसवायची. (हे काम आणि पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत.) अटी अशा आहेत: पाइपलाइनच्या कामाचा किमान 3 कोटींचा अनुभव, पंप बसवण्याचा किमान 1 कोटीचा अनुभव आणि सरासरी वार्षिक उलाढाल 4 कोटी.

धायरीत दोन फर्म आहेत असं धरू. एक पाइपवाली. तिच्याकडे 3 कोटी 20 लाखांच्या लाइनचा दाखला आहे, उलाढाल 3 कोटी. दुसरी पंपवाली. तिच्याकडे पंपाचा 1 कोटी 20 लाखांचा दाखला, उलाढाल 1 कोटी 80 लाख. एकट्याने दोघीही अपात्र. एकत्र आल्या तर दोन्ही अनुभव जमतात आणि उलाढाल 4 कोटी 80 लाख होते.

पण दोघांचा अनुभव जोडून धरला जातो का? यावर सर्वोच्च न्यायालयाचा ‘न्यू होरायझन्स विरुद्ध भारत सरकार’ हा 1994 चा निकाल आजही दाखवला जातो. हैदराबादच्या टेलिफोन डिरेक्टरीचं टेंडर होतं. न्यू होरायझन्स ही संयुक्त उपक्रम म्हणून उभी राहिलेली कंपनी होती. तिच्या स्वतःच्या नावावर अनुभव नाही म्हणून तिची निविदा बाजूला ठेवली गेली. न्यायालयाने सांगितलं की संयुक्त उपक्रमाचा अनुभव तपासताना त्यामागच्या भागीदारांचा अनुभव पाहायला हवा. मात्र किती पाहायचा आणि कसा मोजायचा हे निविदेची पुस्तिका ठरवते. काही निविदांत जेव्हीला परवानगीच नसते. काहींमध्ये मुख्य भागीदाराने अटींचा ठरावीक हिस्सा एकट्याने पूर्ण करावा लागतो. म्हणून करार लिहिण्याआधी पुस्तिकेतलं जेव्हीचं कलम वाचायचं.

पहिला टप्पा: कोण काय करणार?

सगळ्यात आधी लागतो तो ‘लीड मेंबर’, म्हणजे मुख्य भागीदार. टेंडर देणारं कार्यालय पत्रव्यवहार त्याच्याशीच करतं. निविदा त्याच्या अधिकृत माणसाच्या डिजिटल सहीने भरली जाते, त्यासाठी दुसऱ्या भागीदाराने मुखत्यारपत्र द्यावं लागतं.

नियम किती काटेकोर असू शकतात हे रेल्वेच्या कंत्राटाच्या सर्वसाधारण अटींवरून कळतं. पुणे विभागातल्या रेल्वेच्या बांधकामांनाही त्या लागू होतात. मुख्य भागीदाराचा हिस्सा किमान 51 टक्के हवा. तीनपर्यंत सदस्य असतील तर बाकी प्रत्येकाचा किमान 20 टक्के. त्याच टेंडरमध्ये वेगळ्याने किंवा दुसऱ्या जेव्हीतून निविदा भरता येत नाही. आणि निविदा भरल्यावर तिची वैधता संपेपर्यंत आपसातला करार बदलता येत नाही. म्हणजे ‘आधी भरू, मग बघू’ हे चालत नाही. टेंडर भरताना लिहिलेलं प्रमाण तुमच्या गळ्यात पडतं.

आपल्या दोन फर्मनी 60:40 असं प्रमाण लिहिलं. आता गंमत बघा. प्रत्यक्ष काम कसं वाटलं? पाइपचं काम 4 कोटी 20 लाखांचं, पंपाचं 1 कोटी 80 लाखांचं. म्हणजे कामाचं प्रमाण 70:30 झालं. हिस्सा एक आणि काम दुसरंच. यात बेकायदेशीर काही नाही, पण नफा, तोटा, बँक गॅरंटी, दंड यातलं काय हिश्शाप्रमाणे आणि काय कामाप्रमाणे हे करारात नसेल, तर भांडण ठरलेलं आहे.

म्हणून ‘पाइपचं काम पहिला पक्ष करेल आणि पंपाचं दुसरा’ एवढं लिहून भागत नाही. निविदेतली दरपत्रकाची यादी, म्हणजे बीओक्यू, समोर ठेवायची आणि प्रत्येक ओळीसमोर नाव लिहायचं. खरी अडचण मधल्या ओळींमध्ये असते. पंपघराचा पाया कोणी करायचा? वीजजोडणीचा अर्ज कोणाचा? चाचणीसाठी पाणी कोण आणणार? खोदलेला रस्ता पूर्ववत कोण करणार? दोघांनाही ‘हे दुसऱ्याचं’ वाटतं अशाच ठिकाणी काम अडतं.

दुसरा टप्पा: नफा वाटायचा कसा?

बहुतेक करारांत एकच ओळ असते: ‘नफा-तोटा 60:40 प्रमाणात वाटला जाईल.’ ही ओळ वाटते तेवढी साधी नाही. आकडे मांडून बघू.

समजा, पाइपवाल्याचं काम 4 कोटी 20 लाखांचं आणि अंदाजे खर्च 3 कोटी 90 लाख. नफा 30 लाख. पंपवाल्याचं काम 1 कोटी 80 लाखांचं, खर्च 1 कोटी 50 लाख. नफा तेवढाच, 30 लाख. एकूण 60 लाख.

आता काम सुरू झालं आणि चरात मुरूम संपून काळा कातळ लागला. कंत्राट एकठोक रकमेचं आहे, त्यामुळे जादा खोदाईचे पैसे मिळत नाहीत. पाइपवाल्याचा खर्च 40 लाखांनी वाढून 4 कोटी 30 लाख झाला. त्याचे 30 लाख गेलेच, वर 10 लाख तोटा. पंपवाल्याचं काम मात्र ठरल्याप्रमाणे झालं. एकूण नफा उरला 20 लाख. तो कोणाला किती?

पहिली पद्धत, सगळं एका थैलीत. सगळे खर्च जेव्हीचे, सगळा नफा जेव्हीचा, मग 60:40. पाइपवाल्याला 12 लाख, पंपवाल्याला 8 लाख. पंपवाला म्हणणार, ‘मी माझं काम चोख केलं, 30 लाख कमावले आणि हातात 8?’

दुसरी पद्धत, ज्याचं काम त्याचा हिशोब. पाइपवाल्याला 10 लाखांचा तोटा, पंपवाल्याला 30 लाखांचा नफा. आता पाइपवाला म्हणणार, ‘टेंडर दोघांनी मिळून मिळवलं, कातळ काय मी आणून ठेवला होता?’

तिसरी पद्धत, मधली. ज्याचं काम त्याचा हिशोब, पण दोघांच्याही हातात नसलेल्या ठरावीक जोखमी हिश्शाप्रमाणे वाटायच्या. इथे कातळाचे 40 लाख 60:40 मध्ये गेले: 24 लाख आणि 16 लाख. पाइपवाल्याचे 30 मधून 24 गेले, उरले 6. पंपवाल्याचे 30 मधून 16 गेले, उरले 14.

काम तेच, कातळ तोच, नफाही तोच 20 लाख. पण पंपवाल्याच्या हातात पडणारी रक्कम पद्धतीनुसार 8, 30 किंवा 14 लाख होते. यातली कोणतीही पद्धत चुकीची नाही. चूक होते ती पद्धत न लिहिण्यात. तिसरी पद्धत घेतली तर सामायिक जोखमींची यादी नावानिशी द्यावी लागते: जमिनीखालचा कातळ, महापालिकेकडून जागा उशिरा मिळणं, बाजारात पाइपचे भाव वाढणं वगैरे. यादीत नसलेलं सगळं ज्याचं त्याचं.

‘एका थैलीत’ पद्धत निवडली, तर ‘खर्च’ म्हणजे काय हेही लिहावं लागतं. पाइपवाल्याने स्वतःची पोकलेन वापरली तर भाडं कोणत्या दराने धरायचं? मालकाचा स्वतःचा पगार खर्चात येतो का? ऑफिसचं भाडं? यावर मौन असेल तर ज्याच्या हातात वही, त्याच्याकडे नफा.

पैसे आधी कुठे जातात?

महापालिका बिल देते ते जेव्हीच्या नावाने, जेव्हीच्या खात्यावर. त्यासाठी जेव्हीचा स्वतंत्र पॅन, जीएसटी नोंदणी आणि बँक खातं लागतं. खातं दोघांच्या सहीने चालावं ही पहिली काळजी. दुसरी जास्त महत्त्वाची: खात्यात आलेले पैसे कोणत्या क्रमाने बाहेर जातील हे करारात असावं. आधी सरकारी देणी, मग कामगार आणि पुरवठादार, मग प्रत्येकाच्या झालेल्या कामाचे पैसे, मग राखीव रक्कम, आणि शेवटी नफा. दोघांच्या सहीचं खातं असलं आणि एकाने सही अडवली, तर कामगारांची मजुरीही अडते. म्हणून कर आणि मजुरीच्या देण्यांवर ठरावीक दिवसांत सही द्यावीच लागेल, असं कलम घालतात.

इथेच जीएसटीचा एक सापळा आहे. पाइपवाला पाइप घेतो ते स्वतःच्या जीएसटी नंबरवर. महापालिकेला बिल जातं जेव्हीच्या नंबरवरून, 18 टक्के करासह. पाइपवाल्याने आपल्या कामाचं बिल जेव्हीला दिलंच नाही, तर खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट त्याच्याकडे अडकतं आणि जेव्हीला संपूर्ण कर रोख भरावा लागतो. म्हणून प्रत्येक सदस्याने जेव्हीला दर महिन्याला रीतसर बिल देणं ही सोय नसून गरज आहे. आयकराच्या टीडीएसचंही तसंच. तो जेव्हीच्या पॅनवर कापला जातो, सदस्याच्या नाही.

‘जेव्ही काय, आपणच तर आहोत’ हा विचार किती महाग पडू शकतो, हे मुंबईच्या गॅमन इंडिया कंपनीच्या खटल्यात दिसलं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं रस्त्याचं काम गॅमन-अटलांटा या जेव्हीला मिळालं होतं. रस्त्याच्या कंत्राटदाराला यंत्रं आयात करताना सीमाशुल्कात सूट होती. गॅमनने काँक्रीट बॅचिंग प्लांट आयात केला, पण स्वतःच्या नावाने. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंत्राट जेव्हीला मिळालं आहे, गॅमनला नाही. जेव्हीची ओळख वेगळी आहे, त्यामुळे सूट नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला लागू झालेला तर्क धायरीतल्या फर्मलाही लागू होतो. कागद कोणाच्या नावाने आहे, हे पाहिलं जातंच.

नफ्याची पद्धत आणि कर यांचाही संबंध आहे. दोघं मिळून एका थैलीत काम करत असतील, तर आयकर विभाग जेव्हीला ‘असोसिएशन ऑफ पर्सन्स’, म्हणजे व्यक्तींचा समूह, मानून वेगळा करदाता धरतो. प्रत्येकाचं काम, खर्च, नफा-तोटा वेगळा असेल आणि सामायिक व्यवस्थापन फक्त समन्वयापुरतं असेल, तर गोष्ट बदलू शकते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 2016 च्या सातव्या परिपत्रकात टर्नकी कंत्राटांच्या संदर्भात हे निकष दिले आहेत. म्हणून पद्धत ठरवतानाच सीएंना सोबत बसवायचं, वर्ष संपल्यावर नाही.

तिसरा टप्पा: काम फसलं तर जबाबदार कोण?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जवळपास प्रत्येक सरकारी निविदेत एक अट असते: जेव्हीचे सदस्य ‘संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या’ जबाबदार राहतील. इंग्रजी कागदात ते ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असं दिसतं. या शब्दांचा सरळ अर्थ असा: टेंडर देणारं कार्यालय पूर्ण काम आणि पूर्ण रक्कम तुमच्यापैकी कोणाही एकाकडून वसूल करू शकतं. तुमचा हिस्सा 40 टक्के आहे की 4 टक्के, याच्याशी त्याला घेणं-देणं नाही.

हे नवीन नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 43 मध्येच आहे, आणि तिथे एक सुंदर उदाहरण दिलं आहे. अ, ब आणि क यांनी मिळून ड ला 3,000 रुपये द्यायचं कबूल केलं. ड तिघांपैकी कोणालाही पूर्ण 3,000 मागू शकतो. समजा क ने सगळे भरले. मग तो बाकी दोघांकडून त्यांचा वाटा मागू शकतो. पण अ दिवाळखोर निघाला आणि त्याच्याकडून 1,000 पैकी फक्त 500 मिळाले. राहिलेले 2,500 आता ब आणि क यांच्यात समान वाटायचे, म्हणजे प्रत्येकी 1,250. बुडालेल्या माणसाचा वाटा तरलेल्यांवर पडतो, हा नियम दीडशे वर्षं जुना आहे. जेव्ही भागीदारी फर्म असेल तर 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 25 तिथेच नेऊन पोहोचवतं.

आपल्या उदाहरणात बघू. कातळाचा प्रसंग बाजूला ठेवा. पाइपवाल्याचं काम वेळेत झालं, पण पंप 10 आठवडे उशिरा आले. करारात दर आठवड्याला अर्धा टक्का दंड आहे, कमाल 10 टक्के. दहा आठवड्यांचा दंड 5 टक्के, म्हणजे 6 कोटींवर 30 लाख. महापालिका तो जेव्हीच्या बिलातून कापते. चूक कोणाची हे ती विचारत नाही.

आता आपसातल्या करारात ‘ज्याच्यामुळे उशीर, त्याच्याकडून दंड’ असं असेल, तर 30 लाख पंपवाल्याचे आणि त्याचा नफा शून्यावर येतो. तसं नसेल आणि सगळं 60:40 असेल, तर वेळेत काम केलेल्या पाइपवाल्याच्या खिशातून 18 लाख जातात.

आणि पंपवाल्याने काम अर्ध्यावर सोडलं तर? समजा, 1 कोटीचं काम बाकी आहे आणि दुसरा ठेकेदार ते 1 कोटी 30 लाखांत करायला तयार आहे. ते 30 लाख जादा, दंड वेगळा. हे सगळं पाइपवाल्याला आधी भरावं लागतं. नंतर तो पंपवाल्यावर दावा लावू शकतो. पण ज्याने पैसे नसल्यामुळे काम सोडलं, त्याच्याकडून दावा जिंकून काय मिळणार? शिवाय कंत्राट रद्द होऊन जेव्ही काळ्या यादीत गेली, तर दोन्ही सदस्यांना पुढची टेंडरं बंद होऊ शकतात.

मग स्वतःला वाचवायचं कसं? महापालिकेपुढची जबाबदारी आपसातल्या करारात कितीही लिहून कमी होत नाही, कारण महापालिका त्या कराराला बांधील नाही. कमी करता येते ती आपसातली जोखीम, आणि त्यासाठी शब्दांपेक्षा पैसे हातात असावे लागतात. प्रत्येक सदस्याच्या बिलातून समजा 5 टक्के जेव्हीच्या खात्यात राखून ठेवता येतात. पंपवाल्याच्या 1 कोटी 80 लाखांवर ते 9 लाख होतात. संपूर्ण नुकसान त्यातून भरत नाही, पण रिकाम्या हातापेक्षा बरं. फर्म कंपनी असेल तर संचालकांची वैयक्तिक हमी घेता येते. आणि ‘दुसऱ्या सदस्याने काम सोडल्यास त्याचा भाग ताब्यात घेऊन पूर्ण करण्याचा, आणि त्याच्या न दिलेल्या बिलातून खर्च वसूल करण्याचा अधिकार’ हे कलम असेल, तर निदान कोर्टात जाण्याआधी काम पुढे नेता येतं.

एक कलम साधारण असं लिहिता येईल: ‘दंड, नुकसानभरपाई किंवा दुरुस्तीचा खर्च ज्या पक्षाच्या कामातील दोषामुळे किंवा विलंबामुळे उद्भवेल, तो त्या पक्षाने संपूर्णपणे सोसावा. दोष कोणाचा हे 15 दिवसांत न ठरल्यास ती रक्कम तात्पुरती 60:40 प्रमाणात धरावी आणि निर्णयानंतर समायोजित करावी.’ दुसरं वाक्य लोक विसरतात. पण दोष कोणाचा यावर वाद सुरू असताना पैसे कुठून तरी भरावेच लागतात.

बँक गॅरंटी कोणाच्या जिवावर?

काम मिळालं की अनामत, म्हणजे परफॉर्मन्स सिक्युरिटी, द्यावी लागते. ती 5 टक्के धरली तर 30 लाख. करारात 60:40 लिहिलं, म्हणजे 18 आणि 12 लाख. पण बँकेत मर्यादा असते सहसा एकाचीच. पाइपवाला आपल्या बँकेतून पूर्ण 30 लाखांची गॅरंटी देतो. पुढे पंपवाल्याच्या चुकीने ती जप्त झाली, तर बँक पाइपवाल्याची मुदत ठेव मोडते. कागदावर 60:40, प्रत्यक्षात 100:0. उपाय एकच: दुसऱ्याने आपल्या वाट्याची रक्कम आधीच जमा करायची किंवा तेवढी उलट हमी द्यायची.

ही रक्कम काम संपल्याबरोबर सुटत नाही. दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम पूर्ण झाल्यावर दुरुस्ती फुकट करून द्यायची मुदत, संपेपर्यंत ती अडकलेली असते. ती काही वर्षांची असू शकते. म्हणून जेव्हीचा करार ‘काम पूर्ण झाल्यावर संपेल’ असं लिहिणं धोक्याचं. तिसऱ्या वर्षी पंप बंद पडला, तर फोन घेणारं कोणी उरायला हवं. रेल्वेच्या अटी तर सांगतातच की करार मुदतवाढ आणि देखभालीच्या काळासह संपूर्ण कालावधीत जिवंत राहिला पाहिजे.

‘फक्त नाव दे, दोन टक्के घे’

हा प्रकार ठेकेदारीच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. एकाकडे अनुभवाचा दाखला आहे, दुसऱ्याकडे पैसे आणि मजूर. दाखलावाला नावापुरता भागीदार होतो, काम दुसरा करतो, आणि दाखलावाल्याला कमिशन मिळतं. 6 कोटींवर 2 टक्के म्हणजे 12 लाख, काहीही न करता. सोपी कमाई वाटते.

आता वरचा ‘संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या’ हा शब्दप्रयोग पुन्हा वाचा. 12 लाख घेणाऱ्याने 6 कोटींच्या कामाची पूर्ण हमी दिलेली असते. काम निकृष्ट निघालं, कामगाराचा अपघात झाला, भविष्य निर्वाह निधी भरला नाही, तर नोटीस दोघांच्या नावाने येते. ‘मी प्रत्यक्षात काही केलंच नाही’ हा बचाव उलट अंगावर येतो. कारण टेंडरमध्ये त्याने अमुक काम मी करणार असं लिहून दिलेलं असतं, आणि न करण्याची कबुली म्हणजे खोटी माहिती दिल्याची कबुली.

हे ओळखायचं कसं? करारात एका पक्षासमोर कामाची एकही ओळ नाही, त्याने भांडवल घालायचं नाही, खात्यावर त्याची सही नाही, आणि नफ्याऐवजी ठरावीक टक्का आहे. हे चारही एकत्र दिसले, तर ती जेव्ही नसून भाड्याने दिलेला दाखला आहे.

सही करण्याआधी काय तपासाल?

काम मिळाल्यावर वेळ थोडा असतो. रेल्वेत स्वीकृतीपत्र मिळाल्यापासून 60 दिवसांत जेव्हीची कंपनी, एलएलपी किंवा भागीदारी म्हणून नोंदणी आणि स्वतंत्र पॅन लागतो. नाही केलं तर कंत्राट रद्द होऊन इसारा रक्कम जप्त होऊ शकते. म्हणून टेंडर भरण्याआधीच या पाच प्रश्नांची उत्तरं करारात सापडतात का ते बघा.

1. बीओक्यूच्या प्रत्येक ओळीसमोर नाव आहे का, मधल्या कामांसह?

2. नफा एका थैलीत की ज्याचा त्याचा? सामायिक जोखमींची यादी आहे का?

3. बँक गॅरंटी कोणाच्या मर्यादेतून जाणार आणि दुसऱ्याने त्याबदल्यात काय ठेवलं?

4. एकाने काम सोडलं, फर्म बंद पडली किंवा मालकाचं निधन झालं, तर दुसरा कोणत्या अधिकाराने पुढे जाणार?

5. महापालिकेकडे थकलेलं बिल मागायचं झालं आणि एका भागीदाराने सही नाकारली, तर दुसरा एकटा जेव्हीच्या नावाने दावा करू शकतो का?

पाचवा प्रश्न बहुतेक करारांत नसतो. कंत्राट जेव्हीचं असल्यामुळे मागणीही जेव्हीच्याच नावाने करावी लागते. नफा वाटून झाल्यावर ज्याला भांडणात रस उरलेला नाही असा भागीदार सही देत नाही, आणि दुसऱ्याचे हक्काचे पैसे अडकून पडतात. ‘ठरावीक दिवसांत दुसऱ्याने उत्तर न दिल्यास कोणताही एक सदस्य आपल्या खर्चाने जेव्हीच्या वतीने लवाद किंवा दावा चालवू शकेल’ ही ओळ घालायला काहीच खर्च येत नाही. फक्त ती दोघं एकमेकांशी चांगलं बोलत असताना, म्हणजे टेंडर भरण्याआधी, घालावी लागते.